पाटलीणबाईंचा मसाला

"दादा, रेसिपी मस्त. आडनाव काय तुमचं?"

चॅनल सुरू केल्यापासून हा प्रश्न व्हिडिओंखाली येत राहिला. कधी कौतुकाला जोडून, कधी नुसताच. मीठ किती, गॅस किती, आडनाव काय. मी मीठ सांगायचो, गॅस सांगायचो, आणि तिसऱ्याला हात जोडल्याचं चिन्ह टाकायचो. हात जोडले की माणसं पुढे विचारत नाहीत, एवढं मी पन्नाशीपर्यंत शिकलो होतो.

आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली, पण त्याआधी गाव आम्हाला काय म्हणायचं ते गाव अजून विसरलेलं नाही. आमच्या भागात आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा क्षणभर थांबतो आणि मग पुन्हा हसतो. ते थांबणं मला नको असायचं. मी कधी खोटं आडनाव सांगितलं नाही. फक्त गप्प राहिलो, आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं स्वतःला समजावत आलो. एकदाच तोंड उघडलं आणि खोटं बोललो. एकच वाक्य. ते इथे सगळं सांगून टाकतो, कारण आता मला कोणाच्या चेहऱ्याची पर्वा राहिलेली नाही.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत मी वीसेक वर्षं काढली. कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी होतो. हिशेब घेऊन घरी आलो तेव्हा बायको कल्याणच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर होती. ती सकाळी साडेसातला निघायची. मग स्वयंपाक माझ्याकडे आला. जड गेलं नाही. मला बहीण नाही, घरात मी थोरला, त्यामुळे आई कामावर गेली की भाकरी मीच थापायचो. आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या बिल्डिंगमधले पुरुष मात्र खुशीत आले. जिन्यात भेटले की, "काय वहिनी, आज भाजी कोणती?" मी हसायचो. हसण्यातही माझा हात कोणी धरणार नाही.

व्हिडिओ काढायची कल्पना बायकोची. "एवढं रांधता, तर कोणी बघू दे की."

आमचं घर वन रूम किचन. स्वयंपाकघरात उजेड नाही, म्हणून हॉलमधल्या खिडकीपाशी टेबल घेतलं, त्यावर शेगडी. फोन समोर लावला आणि पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं. शेगडी दिसली, मी दिसलो, आणि माझ्या डोक्यामागे भिंतीवरची तसबीर दिसली. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. लग्नात आईने दिलेली. मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो. मग उठलो, पुस्तकांच्या मांडणीला एक लाकडी पट्टी बांधली, तिच्या टोकाला फोन लावला आणि तो खाली वळवला. आता फक्त कढई आणि माझे हात दिसत होते.

लोकांना वाटलं ही स्टाइल आहे. "फक्त हात दाखवायची आयडिया भारी," असं लिहायचे. पहिले काही महिने मी बोलतही नव्हतो, खाली अक्षरं टाकायचो, तर निम्मे जण मला ताई म्हणायचे. मी तेही चालू दिलं.

बायको एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही हातच दाखवता आणि हातचंच राखता."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

चॅनलमधून पैसे मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं. कधी मिळतात, हे कोणी सांगत नाही. पहिलं वर्ष काहीही मिळालं नाही, काहीही म्हणजे एक रुपया नाही. आठवड्याला दोन व्हिडिओ टाकत होतो. जाहिराती सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर लागतात आणि लोकांनी वर्षभरात चार हजार तास तुमचे व्हिडिओ बघितलेले असावे लागतात. माझा एक अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, सुकट झटकून निवडण्याचा, तुफान चालला. मी बायकोला पेढे आणायला सांगितले. मग कळलं, त्या छोट्या उभ्या व्हिडिओंचे तास या हिशेबात धरतच नाहीत. पेढे खाऊन झाले होते.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तास भरले. अर्ज केला, मंजूर झाला, जाहिराती दिसू लागल्या. मग रोज सकाळी फोन उघडून बघायचं, काल किती. मराठी व्हिडिओ हजार जणांनी बघितला तर एक वडापाव आणि चहा सुटावा, इतपत. ते पैसेही जमा होत राहतात, हातात येत नाहीत. पत्ता खरा आहे का हे तपासायला टपालाने एक आकडा पाठवतात, तो पहिल्यांदा आलाच नाही, पुन्हा मागवला. आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत टाकत नाहीत. ते व्हायला मला आणखी सात-आठ महिने लागले. दिवाळीच्या आधी जाहिरातींचा भाव चढतो म्हणून झाले. जानेवारीत तोच भाव इतका खाली आला की मला वाटलं चॅनल बिघडलं. बिघडलं नव्हतं. कंपन्यांची जाहिरातीची हौस दिवाळीला संपते, एवढंच.

त्यानंतर उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका भांडेवाल्याने बोलावलं. पैसे नाहीत, कढई घ्या आणि तिच्यात शिजवा. कढई घेतली. मग एक लोखंडी तवा आला, एक मिक्सर आला. बायको म्हणाली, "घर भरतंय, पण लाइट बिल तव्याने भरू का?" बरोबर होतं तिचं.

तिसऱ्या वर्षी खरा फोन आला. अंधेरीहून, एका जाहिरात एजन्सीतल्या मुलीचा. एका खाद्यतेलाची जाहिरात. मी मटणाचा रस्सा करायचा, त्या तेलात. पैसे एवढे होते की मला वाटलं ती एक शून्य चुकली. निम्मे आधी, निम्मे व्हिडिओ टाकल्यावर दोनेक महिन्यांनी, त्यातून कर कापून. व्हिडिओ वर्षभर न बदलता ठेवायचा. जाहिरात आहे हे उघड सांगायचं, व्हिडिओवर तशी खूण करायची. तिने दोन ओळी लिहून पाठवल्या. त्यातली दुसरी अशी होती:

"ही रेसिपी आमच्या गावच्या पाटलीणबाईंच्या हातची."

मी तिला फोन केला. "मॅडम, हा मसाला माझ्या आईचा आहे. आईची म्हणू का?"

"आईची सगळेच म्हणतात, सर. पाटलीणबाई म्हटलं की गावरान फील येतो. ऑडियन्सला ऑथेंटिक वाटतं."

तिच्या मनात काही नव्हतं. हे मी तिच्या बाजूने सांगतो, कारण ते खरं आहे. मी जरा रेटलं असतं तर तिने आई लिहून दिलं असतं. पण मी मनात पुढचं बघून ठेवलं. आई म्हटलं की कुठली आई, कुठलं गाव, गावात कुठे राहते, आणि मग आडनाव. पाटलीणबाई म्हटलं की कोणी काही विचारत नाही. मी फोन ठेवला. रेकॉर्ड करताना त्या ओळीपाशी थांबलो. मग म्हटली. पुन्हा ऐकून पाहिली तर आवाज अगदी मोकळा होता.

माझी आई बारवी धरणाच्या अंगाला एका गावात, गावाबाहेरच्या बौद्धवाडीत, माझ्या धाकट्या भावाकडे राहते. सत्तरी ओलांडलेली आहे. साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली, जोडाक्षराशी अडखळते पण सोडत नाही. माझा प्रत्येक व्हिडिओ ती भावाच्या फोनवर बघते आणि मग फोन करते. बहुतेक वेळा शिव्या द्यायला. "कांदा जाळलास. एवढं पाणी कुनाला, म्हशीला?"

त्या दिवशी शिव्या नव्हत्या.

"अरे, ती पाटलीनबाई कोन रं?"

मी म्हटलं, "आई, ते जाहिरातीचं आहे. त्यांनी लिहून दिलेलं."

"लिवलं त्यांनी. बोल्ला कोन?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिच्या खळ्यावर भात झोडलाय मी. पानी मागितलं तर वरून ओतायची. तिच्या चुलीपाशी मला कंदी कोनी जाऊ नाय दिलं. मग तिचा मसाला मला कुटशी आला रं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हिशेब विचारला, आणि हिशेब माझ्या बाजूने लागत नव्हता.

दरवर्षी होळी झाली की आई आमच्याकडे येते. बेडगी आणि लवंगी मिरची दोन दिवस गच्चीवर उन्हात, मग धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर, हळकुंड, एकेक वेगळं भाजायचं, आणि मग रिक्षात गोणी टाकून डंकावर. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. आई त्याच्यासमोर नाकाला पदर लावून उभी राहते आणि डंकवाल्याला सोडत नाही. घरी आणलं की बरणीत भरते, वर हिंगाचे खडे ठेवते, वर्षभर पुरतं. त्या वर्षी ती आली नाही. मी विचारलं तर भावाने फोन तिच्याकडे दिला.

"मी कशाला? बोलाव की तुझ्या पाटलीनबाईला."

आणि नेमकं तेव्हाच लोक मसाला मागायला लागले होते. तेलाच्या व्हिडिओनंतर रोज विचारायचे, हा लाल रंग कुठल्या मसाल्याचा, विकता का. मी हिशेब मांडला. जाहिरातीचे पैसे आपल्या हातात नसतात, त्यांचा भाव वर-खाली होतो. कंपन्या बोलावतील तेव्हा बोलावतील. मसाला आपला असतो. ज्या चॅनलवाल्यांचं घर चालतं ते बहुतेक विकण्यावरच चालतं, हे मला तोवर कळलं होतं.

तर मी एकट्याने केला. आईचं प्रमाण मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. मिरच्या वाळवल्या, भाजलं, डंकावरून आणला आणि लोक वाट बघताहेत म्हणून त्याच संध्याकाळी पाकिटांत भरून तोंडं सील केली. कुटलेला मसाला आतून गरम असतो. पाकिटात वाफ धरली. चौथ्या दिवशी ठाण्याहून एका बाईंनी फोटो पाठवला: पाकिटात ढेकळं. दुसऱ्या एकाने लिहिलं, "व्हिडिओतला रंग कुठे गेला?" मी सगळ्यांचे पैसे परत केले आणि उरलेली पाकिटं बादलीत ओतली. बायको तोंडावर रुमाल धरून उभी होती.

"आता जाणार का नाही आईकडे?" ती म्हणाली.

रविवारी आम्ही बदलापूरला उतरलो, तिथून शेअर जीपने गावाला. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने सुनेला जवळ बसवलं, मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्याने सगळं बोललो. मसाला विकायचा आहे. तुझ्याशिवाय होत नाही. ढेकळं झाली.

ती पाखडत राहिली. "गरम भरलास."

"हो."

"कुटल्यावर रातभर परातीत पसरायचा. हे तिने नाय सांगितलं?"

बायकोला हसू आलं, मला आलं नाही.

"आई, येशील का?"

"आधी ते पुस."

मी सांगायला लागलो की ते पुसता येत नाही. करार आहे. वर्षभर व्हिडिओ बदलायचा नाही. निम्मे पैसे अजून यायचे आहेत, ते अडकतील. दिवाळीला त्याच तेलाच्या तीन व्हिडिओंचं बोलणं चालू आहे, तेही जाईल. आपल्याला सध्या पैशांची...

"तर मग राहू दे," ती म्हणाली. रागाने नाही. सूप झटकलं, उठली, आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

घरी परतल्यावर बायकोने तसबिरीवरची धूळ पुसली. ती रोजच पुसते. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की पुसताना तिला माझा फोन लावलेली पट्टी बाजूला सारावी लागते. रोज सारत असणार.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी तेलाचा व्हिडिओ उघडला. चढवलेल्या व्हिडिओतला मधला तुकडा कापता येतो, बघणाऱ्यांचा आकडा जात नाही, खालच्या प्रतिक्रिया जात नाहीत. तेवढी एक ओळ कापली. चार-पाच सेकंदांचीही नसेल. सेव्हचं बटण दाबलं. काही तास काम चालू असल्याचं दाखवत राहिलं आणि मग ती ओळ गेली.

एजन्सीचा फोन दोन दिवसांनी आला.

"सर, तुम्ही अप्रूव्ह झालेला कट बदललाय."

"हो."

"एकच लाइन होती, सर."

"एकच होती म्हणून चारच सेकंद गेले."

"ब्रँडला काय सांगू मी?"

"सांगा की पाटलीणबाईंनी हा मसाला कधी केलेलाच नाही. ज्या बाईने केला तिला त्यांच्या चुलीपाशी मज्जाव होता. तिचं नाव घालायचं तर पुन्हा रेकॉर्ड करून देतो, जादा पैसे नकोत."

"सर, हे मी ईमेलमध्ये नाही लिहू शकत."

"मग फोनवर सांगा."

उरलेले पैसे आले नाहीत. दिवाळीचं बोलणंही तिथेच थांबलं. करार मी मोडला होता, तक्रार करायची जागा नव्हती आणि मला करायचीही नव्हती. फक्त एक सांगतो: ते पैसे गेल्याचं दुःख मला झालं नाही असं म्हणणं खोटं होईल. झालं. तरीही त्या रात्री मी छान जेवलो.

मग पट्टी सोडली. फोन समोर उभा केला, अगदी पहिल्या दिवशी होता तसा. शेगडी, मी, माझ्या डोक्यामागे तसबीर. तोच मटणाचा रस्सा केला आणि बोललो, "हा मसाला माझ्या आईचा. मागे मी तो पाटलीणबाईंचा आहे असं म्हटलं होतं. ते खोटं होतं. मला आडनाव विचारत होतात ना?" आणि आडनाव सांगितलं. मीठ सांगतो तसं सांगितलं आणि पुढे कांदा परतायला घेतला.

काय झालं ते झालं. "आता कळलं फक्त हात का दाखवत होता," असं एकाने लिहिलं. मी त्याला उत्तर दिलं, "बरोबर कळलं." काहींनी शिव्या दिल्या, त्या पुसल्या, माझ्या ओट्यावर मी घाण ठेवत नाही. काही शे लोक सोडून गेले. तितकेच दुसरे आले, पण लगेच नाही, दोन-तीन महिन्यांत. पहिल्या आठवड्यात भांडणांमुळे व्हिडिओ खूप चालला, नंतर पडला, आणि मग नेहमीच्या जागी येऊन बसला. बिल्डिंगमधला जो मला वहिनी म्हणायचा तो जिन्यात थांबला आणि म्हणाला, "रस्सा जबरदस्त दिसत होता यार." मी म्हटलं, "वहिनी म्हण, यार नको. वहिनीने केलाय." त्याला हसावं की नको कळेना. तो प्रश्न त्याचा.

आईला मी फोन केला नाही. तिने भावाच्या फोनवर बघितलं असणार. पुढच्या आठवड्यात सकाळी दार वाजलं, ती उभी होती, हातात मिरचीची पिशवी.

"उशीर झालाय. ऊन सरायच्या आत वाळवायला पायजे," एवढंच म्हणाली आणि गच्चीकडे निघाली.

मसाला विकायला काय काय लागतं ते मी तेव्हा रीतसर केलं. अन्नाच्या धंद्याची छोटी नोंदणी ऑनलाइन झाली. महाराष्ट्राबाहेर पाठवायचं तर जीएसटीचं वेगळं लफडं, म्हणून राज्यातच. पाकिटावर काय काय आहे, वजन, किंमत, कधी भरलं, कधीपर्यंत चांगलं, हिरवा ठिपका, नोंदणीचा क्रमांक, तक्रारीचा फोन, आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता.

पाकिटं आणि स्टिकर उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे छापले. त्याच्या टेबलावर पापडाचा डबा कायम उघडा. त्याने मजकूर वाचला आणि पेन्सिल नावावर ठेवली.

"साईं, ये अपना नाम क्यूं? फर्म का नाम डालो. कुछ फूड प्रॉडक्ट्स. सब ऐसेच करते हैं, चलता है. माल बड़ा लगता है."

चालतं, हे खरं आहे. धंद्याच्या नावाने नोंदणी केली तर पाकिटावर तेच छापता येतं. चॅनल सुरू केलं तेव्हा कोणी मला ही वाट दाखवली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

"नहीं," मी म्हटलं. "पूरा नाम. और सामने माँ का नाम. वो भी पूरा."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. चेहरा क्षणभर थांबला का? मी बघितलंच नाही. मी पापड घेतला.

या घडीला घर कसं चालतं ते सांगतो, कारण मला सुरुवातीला हे कोणी सांगितलं नव्हतं. चौथं वर्ष चालू आहे. जाहिरातींचे पैसे दर महिन्याच्या शेवटाकडे येतात, त्यात वाणसामान निघतं, दिवाळीत थोडं जास्त. कंपन्या कधीतरी बोलावतात. मी आधीच सांगतो की माझ्या घराबद्दल लिहून दिलेलं वाक्य मी म्हणत नाही, तेव्हा निम्म्या पुन्हा फोन करत नाहीत. बाकी सगळं मसाल्यावर. उन्हाळ्यात आणि सणाला माझ्या कंपनीतल्या पगाराच्या आसपास जातं, पावसाळ्यात त्याच्या निम्म्यावर येतं. बायकोने नोकरी सोडलेली नाही आणि सोडू नये. कोणी सहा महिन्यांत घर चालेल म्हणालं तर त्याला विचारा, कोणाच्या पगारावर.

पाकिटांचा पहिला गठ्ठा आला तेव्हा आई आमच्याकडेच होती. मसाला रात्रभर परातींत पसरलेला, सगळं घर शिंकत होतं. तिने एक पाकीट घेतलं, खिडकीशी नेलं, उलटंसुलटं केलं. मग पुढच्या बाजूला बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. स्वतःचं नाव वाचलं. माझ्या बापाचं नाव वाचलं. आडनावात जोडाक्षर आहे, तिथे अडली, मागे गेली, पुन्हा वाचलं.

मी थांबलो होतो. काय म्हणेल असं वाटत होतं ते मी इथे लिहीत नाही.

"अक्षर बारीक का काढलंस?" ती म्हणाली. "लाजल्यागत दिसतंय."

दुसऱ्या दिवशी मी कॅम्पात गेलो. व्यापारी म्हणाला, "साईं, नाम बड़ा करोगे तो वो फूल का डिझाइन निकालना पड़ेगा. बाकी सब तो कानून का है, उसको हाथ नहीं लगा सकते."

"फूल निकाल दो," मी म्हटलं.